तरुण वयातील स्तनाची गाठ: हाताची तपासणी, सोनोग्राफी आणि सुई

विशी-पंचविशीतील स्त्रीच्या स्तनात लागणारी गाठ बहुतेक वेळा कर्करोगाची नसते. हे वाक्य खरे असले तरी ते तपासणीच्या आधी म्हटले तर निव्वळ धीर देणे ठरते आणि तपासणी पूर्ण झाल्यावर म्हटले तर निदान ठरते. या दोहोंमधला फरक तीन गोष्टींनी पडतो: डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी, सोनोग्राफी आणि गरज असेल तेथे सुईने घेतलेला नमुना. वैद्यकात या तिन्हींना मिळून तिहेरी तपासणी म्हणतात. यांपैकी एकही तपासणी एकटीने पूर्ण भरवशाची नाही. तिन्हींचे उत्तर ‘गाठ साधी आहे’ असे एकमुखाने आले, तर त्या गाठीत कर्करोग निघण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी उरते. म्हणून प्रत्येक तपासणी कोणत्या क्रमाने करावी, तिचा अहवाल कसा वाचावा आणि दोन अहवाल जुळले नाहीत तर काय करावे, एवढ्याच गोष्टी येथे पाहू.

गाठ कशाची असते

या वयात सर्वाधिक आढळणारी गाठ म्हणजे फायब्रोअडेनोमा. साधारण पंधरा ते पस्तीस वर्षांच्या स्त्रियांमध्ये ती दिसते. दूध तयार करणाऱ्या ग्रंथींचा एक लहानसा खंड आणि त्याभोवतीचा तंतुमय भाग एकत्र वाढून ती बनते. इस्ट्रोजेन या संप्रेरकाला ती प्रतिसाद देत असल्यामुळे गरोदरपणात ती वाढू शकते आणि पाळी कायमची थांबल्यावर आक्रसते. हाताला ती रबरी, गुळगुळीत, स्पष्ट कडांची लागते आणि बोटाखालून गोटीसारखी निसटते. हे निसटणे इतके ठळक असते की मुली स्वतःच सांगतात, ‘आत्ता होती, आता सापडत नाही’. बहुतेक गाठी एक ते तीन सेंटिमीटरच्या असतात. काही स्त्रियांना एकाच वेळी दोन-तीन असतात, कधी दोन्ही स्तनांत. निदान पक्के झाल्यावर नुसती नजर ठेवली, तर बऱ्याच गाठी आहेत तशा राहतात, काही आपोआप लहान होतात आणि थोड्याच वाढतात. गाठ विरघळवण्याच्या गोळ्यांची, लेपांची आणि मालिशींची कीर्ती टिकून आहे ती या आपोआप लहान होणाऱ्या गाठींच्या जिवावर. गाठ औषधाविना आक्रसते आणि श्रेय बाटलीला मिळते.

दुसरे नेहमीचे कारण खऱ्या अर्थाने गाठ नसतेच. स्तनातील ग्रंथी पाळीच्या चक्राबरोबर फुगतात आणि ओसरतात; पाळीच्या आधीच्या आठवड्यात, विशेषतः काखेकडच्या वरच्या भागात, स्तन खडबडीत आणि दुखरा लागतो. हा खडबडीतपणा बहुधा दोन्ही बाजूंना असतो, त्याची कड कोठे संपते ते सांगता येत नाही आणि पाळी येऊन गेल्यावर तो उतरतो. खरी गाठ मात्र आजूबाजूच्या भागापासून वेगळी लागते, बोटांनी तिची लांबी, रुंदी आणि जाडी अजमावता येते आणि पाळी संपली तरी ती जागेवर असते.

पाण्याने भरलेली गाठ, म्हणजे सिस्ट, तरुणींमध्ये कमी आणि पस्तिशीनंतर अधिक दिसते. अंगावर पाजणाऱ्या आईच्या स्तनात दूध साचून गाठ होऊ शकते किंवा जंतुसंसर्ग होऊन गळू होते. मार लागल्यानंतर स्तनातील चरबीचा भाग मरून कठीण गाठ बनते. ती हाताला कर्करोगासारखीच लागू शकत असल्यामुळे तिची तपासणी टळत नाही. आपल्याकडे आणखी एक शक्यता डोक्यात ठेवावी लागते ती क्षयाची. न दुखणारे, गरम न लागणारे गळू, वारंवार फुटणारी आणि न भरणारी जखम, काखेतील एकमेकांना चिकटलेल्या गाठी असे चित्र दिसले, तर काढलेल्या पुवाची क्षयासाठी जीन-एक्स्पर्ट चाचणी करून घ्यावी. पू काढून नुसती प्रतिजैविके देत राहिल्याने अशा स्त्रियांचे महिनोन्महिने वाया जातात. असेच दिसणारे, पण जंतूंशिवायचे, दाहाचे एक दुखणेही असते; त्याचे आणि क्षयाचे औषध पूर्ण वेगळे असल्याने येथे तुकडा तपासल्यावाचून उपचार सुरू करणे धोक्याचे ठरते.

पहिली पायरी: विचारणे आणि हाताने तपासणे

पुढचे सारे समजायला सोपे जावे म्हणून एक उदाहरण घेऊ. सव्वीस वर्षांची अविवाहित स्त्री, मूळची नाशिकची, नोकरीसाठी पुण्यात राहणारी. आंघोळ करताना तिला डाव्या स्तनाच्या वरच्या बाजूला गाठ लागली. दुखत नाही. तिने दीड महिना कोणाला सांगितले नाही, कारण घरी लग्नाची बोलणी चालू आहेत. हा उशीर आपल्याकडे फार नेहमीचा आहे आणि त्यामागचे ‘दुखत नाही, म्हणजे काही नाही’ हे गणित उलटे आहे. पाळीच्या आधी दोन्ही बाजूंना दुखणे हे बहुधा संप्रेरकांचे काम असते. दुखणे नसणे मात्र कशाचीच खूण नाही. फायब्रोअडेनोमाही सहसा दुखत नाही आणि कर्करोगही सुरुवातीला दुखत नाही.

डॉक्टरांकडे जाण्यासाठी सर्वांत सोयीचा काळ म्हणजे पाळी सुरू झाल्यापासून सातवा ते दहावा दिवस. तेव्हा स्तन सर्वांत मऊ असतो आणि गाठ व खडबडीतपणा यांत गल्लत होत नाही. नुसता खडबडीतपणा वाटत असेल, तर एक पाळी जाऊ देऊन त्या दिवसांत पुन्हा तपासणे योग्य आहे. स्पष्ट वेगळी गाठ लागत असेल, तर मात्र महिनोन्महिने थांबू नये. वजन एकाएकी घटलेले असेल, स्तनाग्रातून रक्तासारखा स्राव येत असेल, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसत असेल किंवा खळगा पडला असेल, तर पाळीचे दिवस मोजत बसायचे कारणच नाही.

डॉक्टर कोणते प्रश्न विचारतील त्याची उत्तरे आधी जमवून ठेवावीत: गाठ केव्हा लागली, तेव्हापासून वाढली का, पाळीप्रमाणे लहान-मोठी होते का, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, सध्या गरोदर आहात की अंगावर पाजता, पूर्वी छातीवर किरणोपचार झाले आहेत का. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न घराण्याचा आहे. आई, बहीण, मावशी किंवा आत्या यांपैकी कोणाला पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग झाला होता का, कोणाला बीजांडकोशाचा कर्करोग होता का, घरातील एखाद्या पुरुषाला स्तनाचा कर्करोग झाला होता का, हे आधीच आईला किंवा आजीला विचारून घ्यावे. वडिलांकडील घराणेही यात येते. ते सांगायचे बहुतेक जण विसरतात. उत्तर होकारार्थी असेल, तर पुढच्या प्रत्येक पायरीवर डॉक्टरांचा संशयाचा उंबरठा खाली यायला हवा, कारण अनुवांशिक दोषामुळे तरुण वयात होणारा काही प्रकारचा कर्करोग सोनोग्राफीत गोलसर, गुळगुळीत कडांचा, म्हणजे जवळपास साध्या गाठीसारखा दिसू शकतो.

हाताची तपासणी व्यवस्थित झाली की नाही, हे रुग्णालाही ओळखता येते. आधी बसवून, हात खाली, हात वर आणि हात कमरेवर दाबून अशा स्थितींत दोन्ही स्तन नुसते पाहिले जातात. हात दाबल्यावर छातीचा स्नायू ताणला जातो आणि एरवी न दिसणारा खळगा दिसतो. मग झोपवून, त्या बाजूचा हात डोक्याखाली ठेवून, बोटांच्या टोकांनी नव्हे तर बोटांच्या पेरांच्या सपाट भागाने आधी चांगला स्तन आणि मग गाठीचा स्तन गळपट्टीच्या हाडापासून खालच्या घडीपर्यंत तपासला जातो. शेवटी दोन्ही काखा आणि मानेखालचा भाग चाचपला जातो. कपड्यावरून हात लावून ‘काही नाही, बारीक गाठ आहे’ असे सांगणे म्हणजे तपासणी नव्हे. डॉक्टर पुरुष असतील, तर नर्स किंवा घरची स्त्री खोलीत असावी, असे सांगण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

आपल्या उदाहरणातील स्त्रीची नोंद अशी झाली: डाव्या स्तनात, घड्याळाच्या काट्याप्रमाणे दोन वाजण्याच्या दिशेला, स्तनाग्रापासून तीन सेंटिमीटरवर, सुमारे दोन सेंटिमीटरची घट्ट, हलणारी, कातडीला किंवा खालच्या स्नायूला न चिकटलेली गाठ, काख मोकळी, घराण्यात कर्करोग नाही. घड्याळाची दिशा आणि स्तनाग्रापासूनचे अंतर ही नोंद कंटाळवाणी वाटली तरी तीच पुढच्या साऱ्या तपासण्यांची दोरी आहे. हाताला लागलेली गाठ, सोनोग्राफीत दिसलेली गाठ आणि सुईने टोचलेली गाठ एकच होती की नाही, हे तिच्यावरूनच ठरते.

दुसरी पायरी: सोनोग्राफी, आणि तीही सुईच्या आधी

तीस वर्षांच्या आतील स्त्रीची पहिली चित्र-तपासणी सोनोग्राफी असते, मॅमोग्राफी नव्हे. तरुण स्तनात ग्रंथींचा भाग दाट असतो, मॅमोग्राफीत तो पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच दिसते. त्यामुळे गाठ त्यात हरवून जाते. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, गाठ भरीव आहे की पाण्याची हे लगेच कळते आणि गरोदरपणातही ती करता येते. तिशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरुवात बहुधा सोनोग्राफीनेच करतात आणि गरजेप्रमाणे मॅमोग्राफी जोडतात. चाळिशीनंतर मॅमोग्राफी पहिली येते. तरुण स्त्रीच्या सोनोग्राफीत किंवा सुईत संशय आलाच, तर वय न पाहता मॅमोग्राफी करावी लागते.

क्रम मात्र चुकवू नये. आपल्याकडे अनेकदा दवाखान्यात गाठ लागताच तेथेच सुई मारली जाते आणि सोनोग्राफी नंतर सुचवली जाते. सुईने आत थोडे रक्त साकळते, गाठीची कड धूसर दिसू लागते आणि साधी गाठ संशयास्पद वाटू लागते. सुई आधी झालीच असेल, तर सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना ते तारखेसह सांगावे आणि साधारण दोन आठवड्यांचे अंतर जाऊ द्यावे.

सोनोग्राफीला जाताना सर्जनची चिठ्ठी न्यावी आणि दोन्ही स्तन व दोन्ही काखा पाहायला सांगितले आहे याची खात्री करावी. त्यासाठी उपाशी राहावे लागत नाही, लघवीही भरून ठेवावी लागत नाही. खोलीत गेल्यावर स्वतःच्या बोटाने गाठ दाखवावी. चांगला रेडिओलॉजिस्ट स्वतः गाठ चाचपतो आणि मग यंत्राचा तपासणी-दांडा नेमका तिच्यावर धरतो. ज्या अहवालात ‘हाताला लागणाऱ्या गाठीच्या जागी’ असा उल्लेख आहे, तो अहवाल उपयोगाचा; बाकीचे नुसते छापील असू शकतात.

आपल्या उदाहरणातील अहवालात असे लिहिले होते: दोन वाजण्याच्या दिशेला, स्तनाग्रापासून तीन सेंटिमीटरवर, २.१ गुणिले १.८ गुणिले १.१ सेंटिमीटरची, अंडाकृती, स्पष्ट कडांची, कातडीला समांतर आडवी, एकसारखी गडद, भरीव गाठ, बाय-रॅड्स ३. यातील प्रत्येक शब्दाला वजन आहे. अंडाकृती आणि स्पष्ट कड म्हणजे गाठ शेजारचा भाग बाजूला सारत वाढली आहे, त्यात घुसलेली नाही. आडवी म्हणजे उंचीपेक्षा रुंदी जास्त. स्तनाच्या थरांना छेद देत उभी वाढणारी गाठ संशयाची असते. कड दातेरी किंवा काट्यांसारखी असणे, गाठीमागे काळी सावली पडणे, आत चुन्याचे बारीक कण दिसणे या इतर संशयाच्या खुणा. यांपैकी एक जरी दिसली, तरी गाठ तिसऱ्या श्रेणीत ठेवता येत नाही.

बाय-रॅड्स ही अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने तयार केलेली श्रेणीपद्धत आहे. श्रेणी १ म्हणजे काही दिसले नाही, २ म्हणजे निश्चित साधे, जसे की स्वच्छ पाण्याची सिस्ट. ३ म्हणजे बहुधा साधे, ज्यात कर्करोगाची शक्यता शंभरात दोन किंवा त्याहून कमी धरली आहे. ४ म्हणजे तुकडा तपासायलाच हवा. ही श्रेणी फार मोठी असल्याने तिचे अ, ब, क असे भाग केले आहेत आणि अ मध्ये शक्यता शंभरात दोन ते दहा इतकीच असते. ५ म्हणजे कर्करोगाची दाट शंका. श्रेणी ० चा अर्थ ‘अपुरी माहिती, आणखी चित्रे हवीत’ असा आहे. शून्य म्हणजे काहीच नाही असे समजून लोक निर्धास्त होतात, म्हणून हे वेगळे सांगितले.

पाण्याची गाठ निघाली, तर प्रकरण सोपे असते. आतून स्वच्छ काळी, पातळ भिंतीची सिस्ट दुखत नसेल, तर काहीच करावे लागत नाही. दुखत असेल, तर सुईने पाणी काढतात. ते पिवळट किंवा हिरवट असेल आणि गाठ पूर्ण बसली, तर पाणी तपासायलाही पाठवावे लागत नाही. पाणी रक्तमिश्रित असेल किंवा नंतरही आत भरीव भाग उरत असेल, तर मात्र तपासणी पुढे न्यावी लागते.

तिसरी पायरी: कोणती सुई

सुईच्या तपासण्या दोन आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. पहिली एफएनएसी. यात इंजेक्शनच्या सुईएवढ्या बारीक सुईने गाठीतील पेशी ओढून काचपट्टीवर पसरवतात. भूल लागत नाही, काही मिनिटांत होते, खर्च कमी आणि अहवाल बहुधा एक-दोन दिवसांत मिळतो. दुसरी कोअर बायोप्सी, जिला बरेच जण ट्रूकट म्हणतात. यात जागा बधिर करून, कातडीला दोन-तीन मिलिमीटरची चीर देऊन, साधारण १४ गेजच्या जाड सुईने शेवयांएवढे बारीक तीन-चार तुकडे घेतात. स्प्रिंगच्या यंत्राचा ‘खट्’ असा आवाज येतो. तो आधी ऐकवला तर रुग्ण दचकत नाही. नंतर दहा-एक मिनिटे घट्ट दाबून धरतात. दोन-चार दिवस काळे-निळे राहू शकते. टाका लागत नाही. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर ते आधी सांगायलाच हवे.

एफएनएसीत पेशी दिसतात, पण त्यांची मूळ मांडणी दिसत नाही. त्यामुळे पेशी कर्करोगाच्या आहेत हे कळले, तरी कर्करोग दूध वाहून नेणाऱ्या नळीच्या भिंतीबाहेर पसरला आहे का, हे तीवरून सांगता येत नाही. फायब्रोअडेनोमा आणि त्याच्यासारखाच दिसणारा पण वेगाने वाढणारा फायलॉइड्स ट्यूमर यांतही तिची फसगत होते. कोअर बायोप्सीत मांडणीसह तुकडा मिळतो. म्हणून भरीव गाठीत जरा जरी शंका असेल, तर कोअर बायोप्सी हीच योग्य, असे माझे मत आहे. एफएनएसी टाकाऊ नव्हे. तालुक्याच्या ठिकाणी जेथे कुशल पॅथॉलॉजिस्ट आहे आणि गाठ सर्व बाजूंनी साधी वाटते, तेथे ती आजही उत्तम काम देते. मात्र तिच्या अहवालातील एक वाक्य नीट वाचायला हवे. ‘कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत’ असे लिहिले असले आणि वर ‘नमुना अपुरा’ असेही लिहिले असले, तर त्याचा अर्थ तपासणी झालीच नाही असा होतो. सुई गाठीच्या शेजारच्या चरबीत गेली तर कर्करोगाच्या पेशी आढळणार तरी कशा? अशा वेळी सोनोग्राफीच्या साहाय्याने पुन्हा नमुना घ्यावा.

उलट दिशेची चूकही होते. तरुण, विशेषतः गरोदर किंवा पाजणाऱ्या स्त्रीच्या फायब्रोअडेनोमातील पेशी इतक्या सक्रिय दिसतात की एफएनएसीचा अहवाल ‘असामान्य पेशी’ असा येतो. हा अहवाल कर्करोगाचा नव्हे; त्यानंतर कोअर बायोप्सी करायची असते, थेट शस्त्रक्रिया नव्हे. पॅथॉलॉजीच्या अर्जावर वय, पाळीची तारीख, गरोदरपण आणि पाजणे या गोष्टी लिहिलेल्या असाव्यात, ते यासाठीच.

सुईमुळे गाठ ‘चिघळते’ किंवा कर्करोग पसरतो, ही समजूत आपल्याकडे खोल रुजली आहे. सुईने तपासलेल्या स्त्रियांचे आयुष्य त्यामुळे घटते, असा पुरावा नाही. उलट सुई न करता गाठ थेट कापून काढली आणि ती कर्करोगाची निघाली, तर पहिली शस्त्रक्रिया चुकीच्या पद्धतीने झालेली असते आणि दुसरी करावी लागते.

मग प्रत्येकीला सुई लागतेच का? नाही. पंचविशीच्या आतील मुलीची गाठ हाताला आणि सोनोग्राफीला सर्व अर्थांनी फायब्रोअडेनोमासारखी असेल, घराण्यात कर्करोग नसेल, तर सुई न करता नजर ठेवणे ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांतही मान्य आहे. आपल्या उदाहरणातील स्त्री सव्वीस वर्षांची, श्रेणी ३. तिला दोन्ही मार्ग समजावून सांगितले गेले. सहा महिन्यांनी ती कोणत्या शहरात असेल याची तिला खात्री नव्हती, म्हणून तिने कोअर बायोप्सी निवडली. हे कारण वैद्यकीय नसले तरी पुरेसे आहे. जेथे नंतरची सोनोग्राफी हुकण्याची शक्यता मोठी असते, तेथे निदान आधीच पक्के केलेले बरे. अहवाल आला: फायब्रोअडेनोमा.

तिन्ही उत्तरे समोर ठेवून

आता हाताने साधी, सोनोग्राफीत साधी, तुकड्यात साधी. आणि तिन्ही ठिकाणी दिशा, अंतर व आकार एकच. येथे निदान पूर्ण झाले. पण समजा सोनोग्राफी श्रेणी ४ क असती आणि तुकड्यात ‘तंतुमय भाग’ एवढेच आले असते, तर? तेव्हा चांगल्या अहवालावर विसंबून घरी जायचे नसते. वेडीवाकडी, काटेरी दिसणारी गाठ साध्या तंतुमय भागाने समजावता येत नाही. सुई बाजूला गेली असावी असे धरून पुन्हा नमुना घ्यायचा किंवा गाठ काढून तपासायची. नियम एवढाच की तिघांत मतभेद असेल, तर सर्वांत वाईट उत्तर खरे मानून पुढे जायचे. असेच दुसरे टोक: सर्जनला स्पष्ट गाठ लागते, पण सोनोग्राफी म्हणते काही नाही. अशा वेळी दोघांनी मिळून पुन्हा पाहावे आणि तरीही गाठ लागत असेल, तर हाताला लागणाऱ्या जागेतूनच तुकडा घ्यावा.

काचपट्ट्या आणि तुकडा ज्यात बसवला आहे तो मेणाचा ठोकळा प्रयोगशाळेकडे असतो. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचे मत हवे असेल, तर तो मागून घेता येतो. नुसत्या अहवालाच्या झेरॉक्सवर दुसरे मत देता येत नाही.

काढायची की ठेवायची

निदान पक्के झालेला साधा फायब्रोअडेनोमा काढलाच पाहिजे असे नाही आणि तो कर्करोगात बदलतो ही भीती बाळगण्याचेही कारण नाही. गाठ तीन सेंटिमीटरहून मोठी असेल, वाढत असेल, तिच्यामुळे स्तनाचा आकार बिघडत असेल किंवा तुकड्याच्या अहवालात फायलॉइड्सची शंका असेल, तर ती काढतात. रुग्णाला गाठ घेऊन जगणे असह्य होत असेल, तर तेही पुरेसे कारण आहे. ‘लग्नाआधी काढून टाकू’ या घाईला मात्र वैद्यकीय आधार नाही. काढल्यावर व्रण राहतो, तोही कायमचा, आणि दुसऱ्या जागी नवा फायब्रोअडेनोमा होणार नाही याची हमी शस्त्रक्रिया देत नाही. काढायचीच असेल, तर स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेने किंवा स्तनाच्या खालच्या घडीत चीर घेता येईल का, हे सर्जनला विचारावे. काढलेली गाठ प्रत्येक वेळी हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला, गेली पाहिजे. लहान नर्सिंग होममध्ये कधीकधी हा खर्च वाचवला जातो. फायलॉइड्स असेल, तर गाठ सोलून काढणे पुरत नाही, ती भोवतालच्या निरोगी भागासह काढावी लागते, नाहीतर त्याच जागी पुन्हा उगवू शकते.

ठेवायची ठरली, तर श्रेणी ३ च्या गाठीसाठी सहा, बारा आणि चोवीस महिन्यांनी सोनोग्राफी करतात, शक्यतो त्याच केंद्रात आणि मागचा अहवाल हातात घेऊन. सहा महिन्यांत कोणत्याही एका मापात साधारण वीस टक्क्यांहून अधिक वाढ झाली, तर ती खरी वाढ धरतात. २.१ सेंटिमीटरची गाठ २.२ झाली तर ती पाच टक्क्यांची वाढ, म्हणजे दांडा जरा तिरका धरल्यानेही पडणारा फरक. तीच २.७ झाली तर जवळपास एकोणतीस टक्के. मग आधी तुकडा तपासलेला असला तरी पुन्हा तपासावा किंवा गाठ काढावी, कारण पहिल्या वेळी फायलॉइड्स हुकला असण्याची शक्यता असते. आपल्या उदाहरणातील स्त्रीचे माप सहा महिन्यांनी २.२ गुणिले १.८ गुणिले १.१ आले आणि वर्षाने तेच राहिले.

तिचे लग्न झाले आणि पुढे ती गरोदर राहिली, तर ही गाठ वाढू शकते. संप्रेरकांमुळे अशी वाढ अपेक्षित असली, तरी ‘गरोदरपणात असे होतेच’ म्हणून बाळंत होईपर्यंत थांबू नये. गरोदर किंवा पाजणाऱ्या स्त्रीच्या गाठीलाही हाच क्रम लागू होतो, तिची सोनोग्राफी आणि कोअर बायोप्सी दोन्ही सुरक्षितपणे करता येतात. पाजताना स्तन लाल, गरम आणि ताप येऊन दुखत असेल, तर तो बहुधा संसर्ग असतो. गळू असेल तर सोनोग्राफीच्या साहाय्याने सुईने पू काढतात, लागल्यास काही दिवसांनी पुन्हा काढतात, प्रतिजैविक चालू ठेवतात आणि बाळाला पाजणे सहसा थांबवावे लागत नाही. योग्य प्रतिजैविकानेही लाली आणि सूज काही दिवसांत उतरू लागली नाही, किंवा ती ओसरल्यावर खाली गाठ उरली, तर त्या गाठीचा तुकडा तपासावा, कारण दाहासारखा दिसणारा कर्करोग याच वेषात येतो.